ठसा बोटाचा, किल्ली पिनची

अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात काही वर्षांपूर्वी फोनचोरांची एक टोळी सक्रिय होती. रात्री उशिरा बारमध्ये आलेली तरुण मुले हे तिचे सावज असे. टोळीतला एकजण हसतखेळत ओळख काढायचा, गप्पा रंगल्या की ‘तुझा फोन दे, माझं सोशल मीडियाचं खातं त्यात शोधून देतो’ म्हणायचा. फोन हातात आला की तो लॉक व्हायचा आणि मग अगदी सहज प्रश्न यायचा, ‘पासकोड काय रे?’ समोरचा आकडे सांगून टाकायचा. कधी शेजारी उभा असलेला साथीदार आकडे टाकताना बोटांकडे बघून ठेवायचा. थोड्या वेळाने तो फोन गर्दीत दुसऱ्याच्या खिशात गेलेला असायचा.

‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०२३ मध्ये अशा चोऱ्यांचा माग काढला, तेव्हा त्यातली खरी गोम बाहेर आली. चोरीला गेलेले बहुतेक फोन चेहरा ओळखून उघडणारे नवे आयफोन होते. मालकाच्या चेहऱ्याशिवाय फोन उघडणार नाही अशी मालकाची समजूत होती. चोरांना मात्र चेहऱ्याची गरजच पडली नाही. फोनचा पासकोड वापरून ते आधी मालकाच्या अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड बदलत, म्हणजे मालकाला दुसऱ्या फोनवरून आपला फोन शोधताही येऊ नये. मग सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतःचा चेहरा नोंदवत. त्यानंतर बँकेची जी अ‍ॅप्स चेहरा पाहून उघडत, ती चोराचा चेहरा पाहून उघडू लागत. हे सारे काही मिनिटांत उरके.

चेहऱ्याच्या जागी बोट घातले तरी गोष्ट तीच राहते. अँड्रॉइड असो वा आयफोन, नवे बोट नोंदवायचे असेल तर फोन पिन विचारतो, जुने बोट विचारत नाही. पिन बदलायचा असला तर जुना पिन मागतो. म्हणजे ज्याच्याकडे पिन आहे तो स्वतःचे बोट फोनमध्ये घालू शकतो, पण नुसत्या बोटाने कोणी पिन बदलू शकत नाही. फोनच्या रचनेत पिन मालक आहे आणि बोटाचा ठसा त्याने नेमलेला माणूस. दिवसभरात बोट शंभर वेळा वापरले जाते, पिन एखाद्या वेळेस. त्यामुळे बोट हेच कुलूप आणि पिन ही एक औपचारिकता, असे वाटू लागते. आणि फोन घेताना दुकानातच घाईघाईने १२३४ टाकून अनेकजण मोकळे होतात.

बोटापासून किल्ली का बनत नाही

फोन बंद करून पुन्हा चालू केला की तो बोट स्वीकारत नाही, आधी पिन मागतो. हा अनुभव सगळ्यांचा आहे. अनेकांना ती फोनची कटकट वाटते. प्रत्यक्षात त्यामागे एक पक्के तांत्रिक कारण आहे.

आजच्या फोनमधले फोटो, संदेश, कागदपत्रे साठवणीत कूटरूपात असतात. ती वाचण्यासाठी एक गुप्त किल्ली लागते, आणि ही किल्ली म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या. पिन आणि फोनच्या चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक गुप्त आकडा, या दोहोंच्या साहाय्याने ती संख्या हाती येते. यात अट अशी की, दर वेळी संख्या तंतोतंत तीच यायला हवी. एका अंकाचा फरक पडला तरी सारा मजकूर निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. पिनच्या बाबतीत हे सोपे आहे, कारण ७ हा दर वेळी ७ असतो. बोटाचे तसे नाही. बोट कधी जरा तिरके पडते, कधी कमी दाबले जाते, कधी कोरडे असते, कधी भाजी चिरताना कापलेले. सेन्सरला दर वेळी किंचित वेगळे चित्र दिसते. म्हणून फोन ठसा ‘तोच आहे का’ असे पाहत नाही, ‘पुरेसा जुळतो का’ असे पाहतो. या ‘पुरेसा’तून तंतोतंत संख्या काढता येत नाही.

मग दिवसभर बोटाने फोन उघडतो कसा? सोसायटीच्या वॉचमनकडे सकाळी घराची किल्ली देऊन ठेवावी, तसे हे आहे. पिन टाकून फोन पहिल्यांदा उघडला की किल्ली फोनमधल्या वेगळ्या सुरक्षित चिपच्या ताब्यात जाते. पुढे बोट टेकवले की ही चिप ओळख पटवते आणि किल्ली पुढे करते. फोन बंद झाला की वॉचमनकडची किल्ली नाहीशी होते. मग त्याने कितीही नीट ओळखले तरी द्यायला त्याच्याकडे काही नसते.

फोन बंद न करताही काही वेळा पिन मागितला जातो. अ‍ॅपलच्या नियमानुसार फोन ४८ तास उघडलाच नसेल किंवा बोट पाच वेळा जुळले नसेल तर पासकोडच लागतो. अँड्रॉइडमध्ये उत्तम दर्जाच्या सेन्सरसाठीही जास्तीत जास्त ७२ तासांनी एकदा पिन टाकावा लागतो. पावसात भिजलेला हात, कणकेचे बोट, शेतात किंवा बांधकामावर काम करून झिजलेल्या रेषा, अशा वेळी पाच चुका व्हायला वेळ लागत नाही. तेव्हा फोन पिनकडे वळतो. चोराच्या हातातला फोनही तसाच वळतो. त्याने आपले बोट पाच वेळा टेकवले की पिनचे दार आपोआप समोर येते. खरे तर तेवढेही करावे लागत नाही, पडदा वर सरकवला की आकड्यांची पाटी दिसतेच. बोटाचा सेन्सर कितीही महागडा असो, चोराला त्याच्या वाटेला जाण्याची गरज नसते.

ठशाची मर्यादा

सेन्सर अगदीच कच्चे असतात असे नाही. अनोळखी माणसाचे बोट योगायोगाने जुळण्याची शक्यता, एकच बोट नोंदवले असेल तर, ५०,००० मध्ये एक असल्याचे अ‍ॅपल सांगते. अँड्रॉइडच्या सर्वोच्च श्रेणीच्या सेन्सरसाठीही हीच मर्यादा ठरवलेली आहे. पण हा हिशेब योगायोगाचा आहे, मुद्दाम केलेल्या फसवणुकीचा नाही.

सप्टेंबर २०१३ मध्ये अ‍ॅपलने आयफोन ५एसमध्ये पहिल्यांदा बोटाचा ठसा आणला. काही दिवसांतच जर्मनीतल्या ‘केऑस कॉम्प्युटर क्लब’ या संगणकतज्ज्ञांच्या गटाने तो फसवून दाखवला. काचेवर उमटलेल्या ठशाचा त्यांनी बारकाईने फोटो काढला, तो स्वच्छ करून पारदर्शक कागदावर लेझर प्रिंटरने जाड शाईत छापला आणि त्यावर लाकूड चिकटवायचा गोंद किंवा पातळ लॅटेक्स पसरले. वाळल्यावर जो पातळ पापुद्रा निघाला त्यावर हलकी फुंकर मारून तो सेन्सरवर ठेवला. फोन उघडला. ऑक्टोबर २०१९ मध्ये सॅमसंगच्या गॅलक्सी एस १० या फोनबाबत वेगळाच प्रकार घडला. पडद्यावर विशिष्ट सिलिकॉनचे आवरण असेल तर तो कोणाच्याही बोटाने उघडत होता, कारण बोटाबरोबर आवरणावरची नक्षीही सेन्सरने ठसा म्हणून वाचली होती. कंपनीने आवरण काढा, जुने ठसे पुसा आणि नव्याने नोंदवा असे सांगितले आणि दुरुस्तीही पाठवली.

सामान्य माणसाच्या फोनसाठी कोणी गोंद पसरत बसणार नाही, हे खरे. रोजच्या वापराला ठसा चांगलाच आहे. मात्र ठशात काही बिघडले तर माणूस ज्याच्यावर विसंबतो तो पिन असतो. पिन फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही.

अंदाज बांधणारा माणूस आणि अंदाज बांधणारे यंत्र

पिन किती मजबूत हवा हे ठरवताना समोर कोण आहे ते पाहावे लागते. पहिला समोर येतो तो हाताने आकडे टाकून पाहणारा चोर. त्याला फोनच आवर घालतो. काही चुका झाल्या की थांबायला लावतो आणि हा थांबा वाढत जातो. आयफोनमध्ये तो एका मिनिटापासून काही तासांपर्यंत जातो आणि दहा चुकांनंतर फोन कायमचा अडतो. तशी सोय चालू केली असेल तर त्यातली माहिती पुसलीही जाते. अँड्रॉइडमध्ये थांब्यांचे प्रमाण कंपनीनुसार बदलते, पण तत्त्व तेच. म्हणजे अशा चोराच्या हातात मोजकेच अंदाज असतात.

दुसरे असते यंत्र. फोनमधली एखादी त्रुटी शोधून थांब्यांची सक्ती चुकवणारी साधने तपास यंत्रणांसाठी बनतात आणि विकली जातात. थांबे गेले तरी एक अडसर उरतो. अ‍ॅपलच्या चिपमध्ये प्रत्येक अंदाज तपासायला मुद्दाम सुमारे ८० मिलिसेकंद लागतील अशी रचना आहे. हिशेब करून पाहावा. चार आकड्यांचे १०,००० पिन होतात. सगळे तपासायला ८०० सेकंद, म्हणजे साडेतेरा मिनिटेही लागत नाहीत. सहा आकड्यांचे १० लाख पिन होतात. त्यांना सुमारे बावीस तास लागतात. इंग्रजी छोटी अक्षरे आणि आकडे मिसळून सहा चिन्हांचा पासवर्ड केला तर हाच वेळ साडेपाच वर्षांच्या पुढे जातो.

हे थांबे किती मोलाचे असतात याचे उदाहरण २०१६ मध्ये जगाने पाहिले. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो इथल्या हल्ल्यातील हल्लेखोराचा आयफोन ५सी एफबीआयच्या ताब्यात होता. या फोनला बोटाचा सेन्सरच नव्हता, केवळ पासकोड होता, आणि तो चार आकडी असल्याचे सांगितले जात होते. तरीही चुकांचा थांबा आणि माहिती पुसली जाण्याची भीती यामुळे तपास अडला. हे दोन अडसर काढून देणारी प्रणाली बनवा, असा आदेश अ‍ॅपलला द्यावा म्हणून सरकार न्यायालयात गेले, अ‍ॅपलने नकार दिला आणि शेवटी बाहेरच्या एका गटाच्या मदतीने फोन उघडल्यावर सरकारने खटला मागे घेतला.

सामान्य वाचकाला यंत्राची भीती कमी आणि चोराच्या मोजक्या अंदाजांची जास्त. आणि मोजके अंदाजही पुरतात, कारण माणसे पिन निवडतात ते फार ओळखीच्या वाटांनी.

सगळ्यांना सुचणारे आकडे

२०१२ मध्ये निक बेरी या विश्लेषकाने फुटलेल्या पासवर्डांच्या याद्यांमधून चार आकडी असे सुमारे ३४ लाख पासवर्ड वेगळे काढले. ते थेट फोनचे पिन नव्हते, पण चार आकडे निवडायला सांगितल्यावर माणसे काय करतात ते त्यांतून कळते. जवळपास ११ टक्के लोकांनी १२३४ निवडले होते, सुमारे ६ टक्क्यांनी ११११ आणि जवळजवळ २ टक्क्यांनी ००००. सर्वांत लाडक्या वीस पिनमध्ये एकूण सुमारे २७ टक्के लोक बसत होते. १९ ने सुरू होणारे आकडे, म्हणजे जन्मसाले, यादीत बरेच वर होते. २५८० हाही लोकप्रिय निघाला, कारण फोनच्या पाटीवर मधल्या रांगेतून बोट सरळ खाली आणले की तो तयार होतो.

मग आकडे वाढवले की प्रश्न सुटतो का? जर्मनीतल्या बोखुम इथल्या रूर विद्यापीठातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२० मध्ये हेच तपासले. शेकडो लोकांना त्यांनी चार आणि सहा आकडी पिन निवडायला लावले. मोजकेच अंदाज लावू शकणाऱ्या चोरापुढे लोकांनी स्वतः निवडलेले सहा आकडी पिन चार आकड्यांपेक्षा फारसे सुरक्षित ठरले नाहीत. कारण १२३४ ची जागा १२३४५६ ने घेतली, ११११ ची ११११११ सारख्या रांगेने, आणि उरलेली जागा ६५४३२१, १२३१२३, ००००००, किंवा जन्मतारखेने. आयफोन स्वतः काही पिन ‘सहज ओळखता येतील असे’ म्हणून टोकतो. ती यादी शोधण्यासाठी या संशोधकांनी लेगोच्या तुकड्यांचे एक यंत्रही बनवले आणि एकेक पिन दाबून पाहिला. चार आकडी पिनपैकी केवळ २७४ पिनवर फोन इशारा देत होता. बाकीच्या ९,७०० हून अधिक पिनवर तो गप्प राहत होता आणि त्यांत ओळखीचे पिन पुष्कळ होते.

ठशामुळे लोक निदान पिन तरी चांगला ठेवू लागले असतील, असे वाटू शकते. रोज शंभर वेळा टाकायचा नसेल तर पिन लांब असला तरी काय बिघडते? अ‍ॅपलनेही २०१५ मध्ये आयओएस ९ आणताना हाच विचार केला आणि ठशाच्या फोनवर सहा आकडी पासकोड हाच पायंडा केला. मात्र त्याच वर्षी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले की ठसा वापरणारे आणि न वापरणारे यांच्या पासकोडच्या बळात म्हणण्यासारखा फरक नाही. दोन्ही गटांत बहुतेकांचे चार आकडेच होते. प्रत्येक गटातल्या ३० टक्क्यांहून अधिक लोकांना चार आकड्यांऐवजी लांब पासवर्ड ठेवता येतो हेच ठाऊक नव्हते. ठशाने जी मोकळीक दिली होती ती वापरलीच गेली नाही.

पाकीट आणि फोन एकत्र गेले तर

आता आपल्याकडचे एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्यातली एक बाई बसमध्ये चढताना फोन गमावते. फोनचे कव्हर पुस्तकासारखे उघडणारे आहे आणि त्याच्या कप्प्यात आधार कार्ड, डेबिट कार्ड आणि शंभराच्या दोन नोटा आहेत. आधार कार्डावर जन्मतारीख आहे १४ जून १९७९ आणि पत्त्याखाली ४११०३८ हा टपालाचा पिनकोड. फोन सहा आकड्यांचा पिन मागतो आहे.

चोर काय टाकून पाहील? १४०६७९. मग ०६१४७९ आणि ७९०६१४. मग पिनकोड, ४११०३८. मग १२३४५६ आणि ११११११. एवढ्यात सहाच अंदाज झाले. कव्हरमध्ये मुलाच्या शाळेचे ओळखपत्र किंवा गाडीची कागदपत्रे असली तर आणखी तीनचार आकडे मिळतात. एका शतकातल्या सगळ्या तारखा घेतल्या तरी त्या साडेछत्तीस हजार भरतात. म्हणजे १० लाखांपैकी साडेनऊ लाखांहून जास्त पिन न वापरताच सोडून दिलेले असतात, आणि चोराजवळ कार्ड असले तर उरलेल्यांतलेही तीनचारच तपासायचे असतात. १५०८४७ किंवा २६०१५० अशा सर्वांना पाठ असलेल्या तारखा, गाडीचा नंबर, मोबाइलचे शेवटचे आकडे हे सगळे याच गटातले.

फोन उघडला तर पुढे काय? ओटीपीचे संदेश तिथेच येतात. गुगलमध्ये साठवलेले पासवर्ड फोनच्याच पिनने दिसतात. यूपीआयने पैसे पाठवायला वेगळा यूपीआय पिन लागतो, हा मोठा अडसर आहे. पण तो नव्याने ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि फोनवर येणारा ओटीपी लागतो. काही बँका त्याशिवाय एटीएमचा पिनही मागतात. या उदाहरणात कार्ड कव्हरमध्येच आहे. आणि यूपीआय पिन, एटीएम पिन, फोनचा पिन हे तिन्ही एकच असतील तर कोणताच अडसर उरत नाही. नीट बांधलेली बँकेची अ‍ॅप्स फोनमध्ये नवे बोट नोंदवले गेल्याचे ओळखतात आणि पुन्हा स्वतःचा पासवर्ड मागतात. सगळीच अ‍ॅप्स तेवढी काळजी घेतील असे धरून चालता येत नाही.

पिन निवडावा कसा

पिन निवडू नये, काढावा. माणसाच्या मनात येणारा आकडा कुठून तरी आलेला असतो, म्हणून निवड नशिबावर सोपवणे उत्तम. त्यासाठी घरातली हाऊजीची पिशवी पुरेशी आहे. तिच्यात १ ते ९० च्या सोंगट्या असतात आणि त्यांचे एकम स्थानचे अंक पाहिले तर ० ते ९ पैकी प्रत्येक अंक बरोबर नऊ वेळा येतो. पिशवी हलवावी, एक सोंगटी काढावी, तिचा शेवटचा अंक लिहावा, सोंगटी परत टाकावी. असे सहा वेळा. समजा ४७, ८०, २३, ९, ६१ आणि ३४ निघाले, तर पिन होतो ७०३९१४. हाऊजी नसेल तर ० ते ९ लिहिलेल्या दहा चिठ्ठ्या एका वाटीत टाकूनही हेच होते. अर्थात इथे छापलेला पिन कोणी वापरू नये.

निघालेला पिन ‘आवडला नाही’ म्हणून बदलू नये. आवडीने बदललेला आकडा पुन्हा ओळखीच्या वाटेवर जातो. अपवाद एकच. सहाही अंक सारखे, ओळीने चढते-उतरते किंवा घरातल्या कोणाची तारीखच निघाली, तर पुन्हा काढावा. असा पिन असेल आणि फोन दहा अंदाजांवर अडत असेल, तर चोराला यश मिळण्याची शक्यता एक लाखात एक होते. चार आकड्यांचा असाच पिन असता तर ती हजारात एक झाली असती. ज्यांच्या फोनमध्ये व्यवसायाची, रुग्णांची किंवा अशिलांची माहिती आहे, त्यांनी आठ आकडे किंवा अक्षरे मिसळलेला पासवर्ड ठेवावा. बोट असल्यामुळे तो दिवसातून फार तर एकदोनदा टाकावा लागेल.

लक्षात ठेवायला मराठी आकड्यांची मदत होते. ७०३९१४ हे सहा सुटे अंक न म्हणता ‘सत्तर, एकोणचाळीस, चौदा’ असे म्हटले की तीनच शब्द उरतात. पहिले दोन दिवस ठसा बंद ठेवून केवळ पिननेच फोन उघडावा, म्हणजे बोटांनाही तो क्रम बसतो. त्या काळात पिन कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा. फोनच्या कव्हरमध्ये किंवा कोणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवू नये. ही काळजी आवश्यक आहे, कारण पिन विसरला तर फोन कोरा करून पुन्हा सुरू करता येतो, पण आतली माहिती परत मिळत नाही. पिन बदलण्याआधी फोटो आणि संपर्कांचा बॅकअप झालेला आहे का, ते पाहून घ्यावे.

रेघा ओढायचा पॅटर्न हा पिनला पर्याय होऊ शकत नाही. अमेरिकी नौदल अकादमीतील संशोधकांच्या २०१७ च्या प्रयोगात सहा ठिपक्यांचा पॅटर्न एकदाच पाहून जवळजवळ दोन तृतीयांश निरीक्षकांना तो जसाच्या तसा काढता आला. सहा आकडी पिन एकदा पाहून सांगणे मात्र सुमारे ११ टक्क्यांनाच जमले. पुन्हा पाहिल्यावर हे प्रमाण चौथ्या हिश्श्याच्या पुढे गेले. म्हणजे उत्तम पिनही डोळ्यांपासून सांभाळावा लागतो. लोकलच्या गर्दीत, रांगेत, हॉटेलात फोन उघडताना बोटच वापरावे. पिन मागितलाच तर पडदा छातीशी धरून टाकावा. ठशाची सुरक्षेच्या दृष्टीने सर्वांत मोठी सेवा हीच आहे की, चारचौघांत पिन दाखवण्याची वेळ तो फारशी येऊ देत नाही. दुरुस्तीला फोन देताना पिन सांगू नये; सॅमसंगच्या आणि गुगल पिक्सेलच्या नव्या फोनमध्ये दुरुस्तीसाठी वेगळी अवस्था आहे, तिच्यात खासगी माहिती झाकलेली राहते.

मिनियापोलिससारख्या चोऱ्यांनंतर कंपन्यांनीही एक पाऊल उचलले. जानेवारी २०२४ मध्ये आयओएस १७.३ बरोबर अ‍ॅपलने चोरीपासून संरक्षणाची सोय आणली. ती चालू असेल आणि फोन घर किंवा कार्यालयासारख्या ओळखीच्या जागेपासून दूर असेल, तर खात्याचा पासवर्ड किंवा नवे बोट यांसारख्या नाजूक बदलांना नुसता पासकोड चालत नाही. चेहरा किंवा बोट लागतेच, आणि काही बदलांसाठी तासभर थांबून ते पुन्हा दाखवावे लागते. अँड्रॉइड १५ पासून काही फोनमध्ये अशीच सोय आली आहे. इथे बोट पिनची राखण करते. पण ही सोय अनेक फोनमध्ये स्वतःहून चालू करावी लागते, आणि ओळखीच्या जागी तिचा अडसर सैल होतो.

फोन चोरीला गेलाच तर आधी बँकेला कळवून यूपीआय आणि कार्ड थांबवावे, मोबाइल कंपनीकडून सिम बंद करून घ्यावे, पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तक्रार करावी आणि पोलीस तक्रारीनंतर ‘संचार साथी’ संकेतस्थळावरून फोनचा आयएमईआय अडवावा. पिन मजबूत असेल तर या कामांसाठी काही तास हाती असतात. १२३४ असेल तर काही मिनिटे.

आज रात्री फोन चार्जिंगला लावण्यापूर्वी दहा मिनिटे काढावीत. सेटिंग्जमधल्या सुरक्षा विभागात जावे, नोंदवलेल्या बोटांत अनोळखी काही नाही ना ते पाहावे, चोरीपासून संरक्षणाची सोय चालू करावी, आणि वाटीत दहा चिठ्ठ्या टाकून सहा आकड्यांचा नवा पिन काढावा. घरातल्या ज्येष्ठांचे फोनही याच बैठकीत बघून घ्यावेत.